यंत्राची पुस्तकी किंमत खाली कधी आणायची? इम्पेअरमेंटची चाचणी, कागदपत्रे आणि हिशेबातल्या नोंदी

मार्चअखेर जवळ आली की फिक्स्ड ॲसेट रजिस्टर उघडून घसारा लावला जातो आणि रजिस्टर पुन्हा बंद होते. पण यंत्र पुस्तकात ज्या किमतीला उभे आहे, तेवढे पैसे त्यातून निघणार आहेत का, हा प्रश्न घसारा विचारत नाही. तो विचारण्याची जबाबदारी कंपन्यांवर लेखा मानक २८ ने टाकली आहे. इंड एएस लागू असलेल्या मोठ्या आणि शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना त्याऐवजी इंड एएस ३६ पाहावे लागते. इथे आपण मानक २८ पाळणाऱ्या छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीपुरते बोलू.

पुस्तकी किंमत यंत्रातून वसूल होणाऱ्या रकमेपेक्षा जास्त झाली, की त्या घटीला इम्पेअरमेंट म्हणतात. त्याची चाचणी दरवर्षी प्रत्येक यंत्राची करायची नसते. ताळेबंदाच्या तारखेला आधी फक्त लक्षणे पाहायची: बाजारभाव घसाऱ्यापेक्षा फार वेगाने पडला, यंत्र बंद पडून आहे, तंत्रज्ञान बदलले, मोठा ग्राहक गेला. यातले काही आढळले तरच पुढचा हिशेब करायचा.

एक कल्पित उदाहरण घेऊ. चाकणच्या एका कंपनीने १ एप्रिल २०२२ ला ५० लाखांचे मोल्डिंग मशीन घेतले. आयुष्य १० वर्षे, घसारा सरळ रेषेने वर्षाला ५ लाख. ३१ मार्च २०२५ ला तिसऱ्या वर्षाचा घसारा लावल्यावर पुस्तकी किंमत ३५ लाख राहिली. त्याच वर्षी ग्राहकाने पार्टचे डिझाइन बदलले आणि निम्म्याहून अधिक काम गेले.

आता दोन आकडे काढायचे. पहिला, विकले तर काय मिळेल? जुन्या मशीनच्या व्यापाऱ्याने २२ लाख सांगितले. उतरवणे, वाहतूक आणि दलालीचा १ लाख वजा जाता २१ लाख. दुसरा, वापरत राहिलो तर? उरलेल्या कामातून सात वर्षे दरवर्षी ५ लाख निव्वळ रोकड येईल असा अंदाज आहे. १२ टक्के दराने तिचे आजचे मूल्य, म्हणजेच वापरमूल्य, सुमारे २२.८२ लाख होते. दोन्हींपैकी जास्त ती वसूलयोग्य रक्कम, कारण शहाणा मालक फायद्याचा पर्यायच निवडेल. म्हणून तोटा ३५ वजा २२.८२, म्हणजे १२.१८ लाख.

हिशेब बहुधा वापरमूल्यातच बिघडतो. कर्जाचे व्याज किंवा आयकर त्या रोकडीतून वजा करायचा नसतो आणि दरही करपूर्व धरायचा असतो. पुढे मशीनची क्षमता वाढवण्याचा बेत असेल, तर त्यातून येणारी कमाईही धरता येत नाही. अंदाजातली विक्री गेल्या तीन वर्षांच्या प्रत्यक्ष विक्रीशेजारी ठेवून पाहा. कारण न सांगता ती एकदम वर चढत असेल, तर ऑडिटर तिथेच बोट ठेवतील.

ज्या कंपनीची मागच्या वर्षीची उलाढाल २५० कोटींपर्यंत आणि कर्जे ५० कोटींपर्यंत आहेत, आणि जी इतर अटींनुसार छोटी व मध्यम कंपनी ठरते, तिला सवलत आहे. वापरमूल्यासाठी वर्तमान मूल्याचे गणित न करता वाजवी अंदाज चालतो. चाचणीतून मात्र तिची सुटका नाही, आणि अंदाज कशावरून केला ते लिहून ठेवावेच लागते.

फाइलला रजिस्टरचा उतारा, व्यापाऱ्याचे कोटेशन किंवा व्हॅल्युअरचा रिपोर्ट, संचालकांनी मंजूर केलेले बजेट, ग्राहकाचे काम कमी केल्याचे पत्र आणि दर कसा ठरवला याचे टिपण लावा. हे पत्र मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. तोटा याच वर्षी का, पुढच्या वर्षी का नाही, याचा पुरावा तेच देते.

नोंद अशी: इम्पेअरमेंट तोटा खाते नावे १२.१८ लाख, संचित इम्पेअरमेंट खाते जमा १२.१८ लाख. तोटा नफा-तोटा पत्रकात जातो आणि ताळेबंदात मशीन २२.८२ लाखांना दिसते. (मशीनचे आधी पुनर्मूल्यांकन झाले असेल, तर तोटा आधी त्याच मशीनच्या राखीवातून वळता होतो.) रोकड हलत नाही, म्हणून रोकड प्रवाह पत्रकात ही रक्कम करपूर्व नफ्यात परत मिळवली जाते. पुढच्या वर्षापासून घसारा ५ नव्हे, २२.८२ भागिले ७ म्हणजे ३.२६ लाख होतो.

आयकरात ही वजावट मिळत नाही. तिथला घसारा ब्लॉकवर पूर्वीसारखाच चालू राहतो. त्यामुळे पुस्तकी आणि करातली किंमत यांतला फरक बदलतो, आणि २५.१६८ टक्के दराने स्थगित कराचा, म्हणजे या फरकामुळे पुढच्या वर्षांत कमी-जास्त होणाऱ्या कराचा, ३.०७ लाखांचा परिणाम नोंदवावा लागतो. त्यातून स्थगित कर मालमत्ता उभी राहत असेल, तर ती वसूल होण्याइतका नफा पुढे होईल याची खात्री हवी. ती असल्यास करोत्तर नफा १२.१८ ऐवजी ९.११ लाखांनी घटतो.

दोन वर्षांनी नवा ग्राहक मिळाला आणि वसूलयोग्य रक्कम २८ लाख झाली, तर तोटा उलटवता येतो, पण एका मर्यादेपर्यंतच. तोवर पुस्तकी किंमत १६.३० लाखांवर आलेली असेल. इम्पेअरमेंट झालेच नसते तर ती २५ लाख असती. म्हणून २८ नव्हे, २५ पर्यंतच चढवायचे, आणि ८.७० लाख नफा-तोटा पत्रकात जमा करायचे.