पोर्ट तर उघडला, मग मित्र जॉईन का होत नाहीत?

"राउटरमध्ये 27015 पोर्ट फॉरवर्ड केला, सर्व्हर चालू आहे, तरी कोणालाच जॉईन होता येत नाही." ही तक्रार सारखी वाचायला मिळते, आणि बऱ्याचदा त्या नियमात प्रोटोकॉलच्या खान्यात टीसीपी निवडलेलं असतं. टीसीपी आणि यूडीपी या पॅकेट पाठवायच्या दोन वेगळ्या पद्धती, आणि काउंटर-स्ट्राइकसारख्या गेमचा खेळ चालतो यूडीपीवर. 27015 टीसीपी आणि 27015 यूडीपी हे फायरवॉलच्या दृष्टीने दोन वेगळे दरवाजे आहेत, आकडा एकच असला तरी.

आता गेमवाले यूडीपीच का घेतात? "यूडीपी फास्ट असतं" हे उत्तर अर्धवट आहे. वायरमधून दोन्ही पॅकेट सारख्याच वेगाने जातात, फरक पडतो तो एखादं पॅकेट हरवल्यावर.

समजा सर्व्हर सेकंदाला 60 अपडेट पाठवतोय, म्हणजे दर 17 मिलिसेकंदांनी एक, आणि तुमचा पिंग, म्हणजे जाऊन-येऊन लागणारा वेळ, 80 मिलिसेकंद आहे. 101 नंबरचं पॅकेट वाटेत हरवलं. टीसीपीचा शब्द असा की सगळं पोचवेन आणि क्रमानेच पोचवेन, त्यामुळे 102, 103, 104 तुमच्या मशीनवर येऊन पडतात पण ऑपरेटिंग सिस्टिम ती गेमच्या हातात देतच नाही, 101 येईपर्यंत दाबून ठेवते. साधारणपणे नंतरची तीन पॅकेट आली की, म्हणजे 50 मिलिसेकंदांनी, "101 मिळालं नाही" ही गोष्ट पक्की होते, तो निरोप सर्व्हरकडे जायला 40, नवीन 101 यायला अजून 40, झाले 130. तोवर 108 पर्यंतची पॅकेट येऊन थांबलेली असतात, आणि मग सगळी एकदम गेमच्या अंगावर येतात. स्क्रीनवर समोरचा प्लेअर गोठतो आणि मग टुणकन उडी मारतो. आणि गंमत म्हणजे ज्या 101 साठी एवढा खोळंबा झाला त्यात होतं काय, तर तो प्लेअर 130 मिलिसेकंदांहूनही आधी कुठे उभा होता, ज्याचा आता कोणालाच उपयोग नाही!

यूडीपीत 101 गेलं तर गेलं, 17 मिलिसेकंदांनी 102 येतं, त्यात ताजी जागा असतेच, मधली फट गेम अंदाजाने भरून काढतो. जे हरवून चालणार नाही, उदाहरणार्थ चॅट, ते गेम स्वतःच नंबर टाकून पोच मिळेपर्यंत परत परत पाठवतो. म्हणजे काय जपायचं आणि काय सोडायचं हे गेम ठरवतो. (सगळेच असं करत नाहीत हां, माइनक्राफ्ट जावा टीसीपी 25565 वर चालतं, बेडरॉक मात्र यूडीपी 19132 वर.)

फायरवॉलची पंचाईत इथूनच सुरू होते. टीसीपीत कनेक्शन सुरू झालं, संपलं हे पॅकेटवरच लिहिलेलं असतं, यूडीपीत तसं काहीच नाही, मग फायरवॉल अंदाज बांधतो: आतून या सर्व्हरला पॅकेट गेलं ना, मग तिकडून उत्तर आलं तर आत सोडायचं, आणि काही काळ शांतता झाली की नोंद पुसायची. लिनक्समध्ये डीफॉल्टला दुतर्फी यूडीपीची नोंद 120 सेकंद टिकते, टीसीपीची 5 दिवस. म्हणून गेम शांत असतानाही अधूनमधून रिकामी पॅकेट पाठवत राहतात.

यावरून एक गोष्ट कळेल, नुसतं खेळणाऱ्याला बाहेरून आत येणारा पोर्ट सहसा उघडावाच लागत नाही. तरी "हे दहा पोर्ट उघडा, पिंग निम्मा होईल" छाप व्हिडिओ बघून लोक उघडत बसतात. पोर्टने पिंग कमी होत नाही, ताईत बांधण्यातलाच प्रकार आहे हा. लॉबी उघडते, लॉगिन होतं, पण मॅच कनेक्ट होत नाही असं असेल तर मात्र ऑफिस-हॉस्टेलचा फायरवॉल बाहेर जाणारं यूडीपी अडवतोय का ते बघा, कारण लॉगिन सहसा टीसीपी 443 वरून होतं.

सर्व्हर लावणाऱ्याला नियम लागतोच, पण नेमका. वैतागून "दोन्ही" निवडू नका, कारण सोर्स इंजिनच्या, म्हणजे काउंटर-स्ट्राइकसारख्या गेमच्या, सर्व्हरला 27015 टीसीपीवर आरकॉन असतं, म्हणजे लांबून सर्व्हर चालवायची सोय, ती जगाला कशाला दाखवायची? लिनक्सवर खालची पहिली कमांड फक्त यूडीपी उघडते, दुसरी येणारी-जाणारी पॅकेट दाखवते:

```
sudo ufw allow 27015/udp
sudo tcpdump -ni any udp port 27015
```

वेबसाइटवरचे पोर्ट चेकर बहुतेक टीसीपीच तपासतात, त्यामुळे यूडीपी व्यवस्थित चालू असतानाही "क्लोज्ड" म्हणतात. त्यापेक्षा दुसरी कमांड चालू ठेवा आणि मित्राला जॉईन व्हायला सांगा. पॅकेट येताना दिसली पण उत्तर जाताना दिसलं नाही तर तुमच्याच मशीनचा फायरवॉल किंवा सर्व्हरची सेटिंग बघा. काहीच दिसलं नाही तर राउटरचा नियम तपासा, आणि राउटरच्या वॅन, म्हणजे बाहेरच्या बाजूच्या, पत्त्यावरही नजर टाका. तो 100.64 ते 100.127 यातल्या कशानेही सुरू होत असेल तर तुम्ही प्रोव्हायडरच्या सामायिक पत्त्यामागे आहात, तिथे तुमच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट फॉरवर्ड केले तरी बाहेरून कोणी आत येणार नाही, प्रोव्हायडरकडे पब्लिक आयपी मागावा लागेल.