वर्कस्पेसचा पत्ता आणि अडलेलं लॉगिन: पार्श्वभूमी

एका सर्व्हरवर अनेक कंपन्यांचं काम चालवायचं तर विनंती कोणत्या कंपनीसाठी आली आहे, हे सर्व्हरला कळायला हवं. 1997 मध्ये HTTP/1.1 ने विनंतीत साइटचं नाव सांगणारं `Host` हेडर सक्तीचं केलं आणि एकाच आयपीवर कितीही नावं नांदू लागली. पुढे अनेक सेवांनी प्रत्येक ग्राहक कंपनीच्या वर्कस्पेसला, म्हणजे तिच्या कामाच्या जागेला, स्वतंत्र सबडोमेन देऊन टाकलं. खातं शोधताना ईमेलसोबत हे सबडोमेनही पाहिलं जातं. त्यामुळे एकच ईमेल दोन वर्कस्पेसमध्ये असला, तर ती दोन वेगळी खाती असू शकतात आणि त्यांचे पासवर्डही वेगळे.

खरा घोळ वाइल्डकार्ड डीएनएसने केला. `*.example.com` अशी एक नोंद केली की नवा ग्राहक आल्यावर वेगळं काही करावं लागत नाही. पण मग टायपिंगची चूक असलेलं नावही सर्व्हरपर्यंत पोचतं, आणि त्या नावाचा ग्राहक आहे की नाही हे आधी तपासलं नसेल तर लॉगिनचं पान निमूटपणे उघडतं.

वाद झाला तो लॉगिन फसल्यावर दिसणाऱ्या संदेशावरून. पूर्वी 'हा ईमेल नोंदलेला नाही' असं सरळ सांगितलं जायचं. त्यावरून कुणाचं खातं कुठे आहे हे बाहेरच्या माणसाला हुडकता येतं, म्हणून सुरक्षावाल्यांच्या आग्रहाने 'ईमेल किंवा पासवर्ड चुकीचा' असा मोघम संदेश रूढ झाला. आक्षेप रास्त होता, पण किंमत मोजली वापरणाऱ्यांनी.

समजा, कंपनीचं चालू वर्कस्पेस `nirmiti-group.example.com` आहे आणि चाचणीसाठी कधीतरी उघडलेलं `nirmiti.example.com` तसंच पडून आहे. नवा कर्मचारी दुसरा पत्ता टाकतो. लॉगिनचं पान तेच, रंग तोच. पासवर्ड चुकीचा म्हणतात म्हणून तो 'पासवर्ड विसरलात?' दाबतो. 'खातं असल्यास मेल पाठवला आहे' असं उत्तर येतं. मेल येत नाही, कारण त्या वर्कस्पेसमध्ये त्याचं खातंच नाही. मग स्पॅम फोल्डर धुंडाळणं, आयटीला फोन. अ‍ॅडमिन आपल्या वर्कस्पेसमधला लॉगिनचा लॉग उघडतो, तर त्यात या माणसाचा एकही फसलेला प्रयत्न दिसत नाही. पासवर्ड खरंच चुकला असता तर नोंद सापडली असती. लॉग कोरा असेल तर आधी अ‍ॅड्रेस बारचा स्क्रीनशॉट मागवावा.

यावर नंतर 'माझं वर्कस्पेस शोधा' ही सोय आली. ईमेल टाकला की त्या ईमेलची वर्कस्पेस पडद्यावर न दाखवता मेलने कळवतात, म्हणजे गुप्तताही राहते. मात्र निमंत्रण दुसऱ्या ईमेलवर गेलं असेल, तर इथेही हाती काही लागत नाही. काही सेवांनी आधी ईमेल विचारून मग योग्य वर्कस्पेसकडे वळवायला सुरुवात केली. कंपनीने सबडोमेनचं नाव बदललं आणि जुन्यावरून नव्याकडे रीडायरेक्ट ठेवलं नाही, तर जुने बुकमार्क मात्र आजही त्याच मोघम संदेशावर नेऊन सोडतात.