मोफत धडे, विकतचा सराव : प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या चॅनलांची पार्श्वभूमी

नवशिक्यांसाठीच्या प्रोग्रॅमिंग मालिकांची क्रमांकवार, छोट्या धड्यांची घडण केवळ अध्यापनाच्या विचारातून आलेली नाही. २००६ ते २०१० या काळात यूट्यूबवर सर्वसाधारण खात्यावरून दहा मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ टाकता येत नसे, त्यामुळे ‘द न्यू बॉस्टन’सारख्या सुरुवातीच्या चॅनलांचे धडे आपोआपच छोटे आणि क्रमांक घातलेले झाले. ही मर्यादा पुढे उठली आणि २०१२ मध्ये यूट्यूबने शिफारशी व शोधाच्या क्रमवारीत क्लिकपेक्षा पाहण्याच्या वेळेला अधिक महत्त्व दिले, तेव्हा एकाच व्हिडिओत अनेक तासांचा अख्खा अभ्यासक्रम देण्याकडेही कल वाढला.

उत्पन्नाचा प्रश्न मात्र दोन्ही घाटांत सारखाच राहिला. मालिकेचा पहिला धडा पुष्कळ जण पाहतात, विसाव्या धड्यापर्यंत थोडेच टिकतात, आणि जाहिरातीचा वाटा तर पाहणाऱ्यांच्या संख्येवर ठरतो. २०१८ पासून तो वाटा मिळवण्यासाठी एक हजार सदस्य आणि बारा महिन्यांत चार हजार तासांचे पाहणे आवश्यक झाले. म्हणजे जे शेवटपर्यंत टिकतात त्यांच्याकडूनच थेट काही मिळवणे भाग होते. व्हिडिओ मोफत ठेवून सराव विकण्याची पद्धत मला म्हणूनच योग्य वाटते. भारतात २०१६ मध्ये यूपीआय आल्यावर शंभर-दोनशे रुपयांची अशी विक्री एकट्या शिक्षकालाही सहज जमू लागली.

सरावाला पैसे का द्यावेत, हे एका उदाहरणावरून दिसते. लूपचा धडा पाहून ‘समजले’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला सातचा पाढा छापायला सांगितला, की तो बहुधा असे लिहितो:

```python
for i in range(1, 10):
    print(7 * i)
```

पाढा त्रेसष्टावर थांबतो, सत्तर येतच नाही, कारण `range` शेवटचा आकडा वगळते. तेथे 11 हवे. व्हिडिओ पाहताना ही चूक कधीच होत नाही, कारण टंकलेखन शिक्षक करत असतो. चांगल्या सरावसंचात म्हणूनच केवळ उत्तरे नसतात. अपेक्षित आउटपुट, नेहमीची चूक आणि ती का होते याचे स्पष्टीकरणही असते. नुसत्या उत्तरांची पीडीएफ टेलिग्रामवर फिरू लागली की तिच्यासाठी कोणी पैसे देत नाही.

लिखित सरावाचा आणखी एक फायदा पायथनच्या बदलाने दाखवून दिला. जुन्या मालिकांतील पहिलीच ओळ, `print "Hello"`, पायथन ३ मध्ये `SyntaxError` देते, आणि पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. यूट्यूबवर तोच दुवा ठेवून व्हिडिओ बदलता येत नाही. नवा व्हिडिओ चढवला, तर जुन्याची दृश्यसंख्या आणि त्याखालील प्रश्नोत्तरे मागेच राहतात. सरावाची फाइल मात्र एका संध्याकाळी दुरुस्त होते, आणि आधी विकत घेतलेल्यांनाही नवी प्रत पाठवता येते.