दोन्ही ५०० केव्हीएचे, मग लोड निम्मा-निम्माच ना?

"दोन्ही ट्रान्सफॉर्मर ५०० केव्हीएचे, व्हेक्टर ग्रुप पण सेम, म्हणजे पॅरलल केले की १००० केव्हीए आरामात मिळणार ना?"

नाही मिळणार, आधी नेमप्लेटवरचा इम्पिडन्सचा टक्का बघा. समजा एकावर ४ आहे न दुसऱ्यावर ५, तर लोड उलट्या प्रमाणात वाटला जातो, ज्याचा टक्का कमी तो जास्त ओढतो. १००० केव्हीए टाकले तर ४ टक्केवाल्यावर ५५६ जातात न दुसऱ्यावर ४४४च. ४३३ व्होल्टच्या बाजूला टाँग टेस्टर लावा, पहिल्यावर ७४० अँपियरच्या आसपास दिसेल, त्याचा फुल लोड आहे ६६७. लोक एकूण मीटर बघून खूश असतात आणि हा बिचारा गुपचूप तापत राहतो! जोडीतून खरे ९०० केव्हीएच घ्यायचे, तेव्हा वाटणी ५०० न ४०० होते.

अजून एक, टक्का वेगळा म्हणून नो-लोडला सर्क्युलेटिंग करंट येत नाही, तो येतो रेशो वेगळा असला की. एकाचा टॅप अडीच टक्के पुढेमागे राहिला तरी याच जोडीत १८५ अँपियर लोड नसतानाच फिरतात, म्हणून टॅप स्वतः बघा. व्हेक्टर ग्रुप न फेज सिक्वेन्स चुकला तर मात्र थेट शॉर्टच.