रोबस्ट ऑप्टिमायझेशन : सहगुणकांची अंतराल अनिश्चितता

रेषीय प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नात एखाद्या बंधनातील सहगुणक नेमके ठाऊक नसतील, फक्त प्रत्येकाची किमान आणि कमाल मर्यादा ठाऊक असेल, तर त्या मर्यादेत सहगुणक कुठेही गेले तरी बंधन मोडणार नाही असे उत्तर शोधण्याची ही पद्धत आहे. संभाव्यतेची माहिती तीत लागत नाही. लागतात फक्त प्रत्येक सहगुणकाचे मधले मूल्य आणि त्यापासूनचे मोठ्यात मोठे विचलन.

उगम. या पद्धतीचे श्रेय बहुधा ए. एल. सॉयस्टर यांच्या १९७३ सालच्या ‘ऑपरेशन्स रिसर्च’मधील छोट्या टिपणाला दिले जाते. मात्र सॉयस्टर यांचा प्रश्न आज शिकवला जातो तसा मांडलेला नव्हता. सहगुणकांच्या सारणीतील प्रत्येक स्तंभ एका बहिर्वक्र संचातून कसाही निवडला जाईल, असे त्यांनी गृहीत धरले होते. प्रत्येक सहगुणकाला स्वतंत्र अंतराल ही त्या मांडणीतील सर्वांत सोपी स्थिती होय. काही लेखक उगम आणखी मागे, अब्राहम वाल्ड यांच्या १९४०च्या दशकाच्या आसपासच्या निर्णयविषयक कामापर्यंत नेतात. वाईटातील वाईट स्थिती धरून निवड करण्याचा विचार तेथे निश्चित आहे, पण बंधनाचे सहगुणक तेथे नाहीत. त्यामुळे १९७३ हेच साल धरणे अधिक सयुक्तिक वाटते. पुढे जवळपास दोन दशके या टिपणाकडे तुरळकच लक्ष गेले. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात बेन-ताल व नेमिरोव्स्की आणि स्वतंत्रपणे एल गावी व त्यांचे सहकारी यांनी विषय नव्याने उभा केला. बेन-ताल व नेमिरोव्स्की यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या कामात रेषीय प्रोग्रॅमिंगच्या नमुना प्रश्नांच्या ‘नेटलिब’ संग्रहातील प्रश्न तपासले होते. त्यांतील PILOT4 या प्रश्नात सहगुणक केवळ ०.१ टक्क्याने हलले, तर नेहमीच्या ‘इष्टतम’ उत्तराने एक बंधन वाईटात वाईट स्थितीत उजव्या बाजूच्या ४५० टक्क्यांपर्यंत मोडत होते.

रीत. बंधन a₁x₁ + a₂x₂ + … ≤ b असे असून प्रत्येक सहगुणक aⱼ − dⱼ ते aⱼ + dⱼ या अंतरालात कुठेही असू शकतो असे धरू. बेरीज सर्वांत मोठी तेव्हा होते, जेव्हा धन चलाचा सहगुणक वरच्या टोकाला आणि ऋण चलाचा खालच्या टोकाला जातो. म्हणून सुरक्षित बंधन असे होते :

a₁x₁ + a₂x₂ + … + d₁|x₁| + d₂|x₂| + … ≤ b

चल ऋण होऊ शकत नसतील, तर काम आणखी सोपे होते : प्रत्येक सहगुणकाचे वरचे टोक घालायचे. एरवी |xⱼ|च्या जागी नवा चल uⱼ घेऊन −uⱼ ≤ xⱼ ≤ uⱼ ही अट जोडतात. दोन्ही स्थितींत प्रश्न रेषीयच राहतो आणि नेहमीच्या सॉफ्टवेअरने सुटतो.

उदाहरण. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी एका उपसा सिंचन संस्थेकडे ८० एकर क्षेत्र आणि वर्षाला ४९० हजार घनमीटर पाणी आहे अशी कल्पना करू (सर्व आकडे समजावण्यापुरते). उसाला एकरी सरासरी ८ हजार घनमीटर पाणी लागते, पण त्यात १.५ हजारांची कमीजास्त होते. हळदीला ५ हजार, त्यात ०.५ हजाराची. जमीन काळी की मुरमाड, पाणी सरीने दिले की ठिबकने, एप्रिल-मेचा उन्हाळा किती कडक, यांवर हा फरक पडतो. अंतराल ठरवताना मोटारीचे तास आणि पंपाचा विसर्ग यांच्या गुणाकारावरून मागील हंगामांचे आकडे काढावेत. अंदाजाने ‘दहा टक्के इकडेतिकडे’ लिहिण्यात अर्थ नाही. एकरी नफा उसाला ८० हजार आणि हळदीला ६० हजार रुपये धरू.

ऊस x एकर आणि हळद y एकर धरली, तर सरासरी आकड्यांनी बंधने ८x + ५y ≤ ४९० आणि x + y ≤ ८० अशी होतात. उत्तर ३० एकर ऊस, ५० एकर हळद. नफा ५४ लाख रुपये. पाणी शेवटच्या थेंबापर्यंत संपलेले आहे, म्हणजे सरासरीपेक्षा जराही जास्त लागले की तूट आलीच. दोन्ही पिकांना कमाल पाणी लागले तर गरज ५६० हजार घनमीटरवर जाते. ७० हजारांची ही तूट शेवटच्या पाळ्यांवर येते आणि फटका पाटाच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याला बसतो.

वरची टोके घातली की बंधन ९.५x + ५.५y ≤ ४९० होते. उत्तर १२.५ एकर ऊस, ६७.५ एकर हळद. नफा ५० लाख ५० हजार. साडेतीन लाखांच्या मोबदल्यात अंतरालाच्या आत तूट येणे अशक्य झाले. पण वर्ष सरासरी गेले तर ५२.५ हजार घनमीटर पाणी वापराविना राहते, आणि ‘पाणी असून ऊस का कमी लावला’ हा सवाल वार्षिक सभेत उठणारच.

आकसलेली सुरक्षितता. या अतिसावधपणावर बर्टसिमास व सिम यांनी २००४ साली तोडगा दिला. सगळे सहगुणक एकाच वेळी टोकाला जातील असे न धरता, जास्तीत जास्त Γ इतकेच जातील असे धरायचे. Γ = ० म्हणजे सरासरीचा प्रश्न; सर्व सहगुणकांइतका Γ म्हणजे सॉयस्टर यांची मांडणी. वरील उदाहरणात Γ = १ घेतल्यास ९.५x + ५y ≤ ४९० आणि ८x + ५.५y ≤ ४९० ही दोन्ही बंधने पाळावी लागतात. उत्तर २० एकर ऊस, ६० एकर हळद. नफा ५२ लाख. दोन्ही पिकांनी एकदम टोक गाठले तर मात्र ५२० हजार घनमीटर लागतील आणि ३० हजारांची तूट येईल. दोन्ही गरजा आपापल्या अंतरालात एकसमान पसरलेल्या आणि परस्परांपासून स्वतंत्र मानल्या, तर तूट येण्याची संभाव्यता १/८ निघते. सरासरीच्या आराखड्यात ती १/२ होती. बंधन मोडण्याच्या संभाव्यतेची बर्टसिमास-सिम यांची सर्वसाधारण वरची मर्यादा e^(−Γ²/२n), जेथे n म्हणजे अनिश्चित सहगुणकांची संख्या, येथे सुमारे ०.७८ देते, म्हणजे दोन सहगुणकांसाठी निरुपयोगी आहे. ती कामाची ठरते ती डझनांनी सहगुणक असलेल्या बंधनात.

१/८ हा आकडा ‘स्वतंत्र’ या गृहीतकावर उभा आहे. प्रस्तुत उदाहरणात ते टिकत नाही : उन्हाळा कडक गेला की ऊस आणि हळद दोघांचीही तहान एकदम वाढते. अशा बंधनासाठी Γ = १ फसवा आहे, आणि जुनीच पूर्ण अंतरालाची मांडणी सत्याच्या अधिक जवळ जाते. Γ कमी करण्यापूर्वी मागील हंगामांची विचलने शेजारी-शेजारी मांडून पाहावीत. ती एकाच वर्षी एकाच दिशेने गेलेली दिसली, तर सवलत घेऊ नये.

मर्यादा. अंतराल पद्धत असमानतेच्या बंधनांसाठी आहे. ‘उपसलेले पाणी = दिलेले पाणी + गळती’ अशा समीकरणातील सहगुणकाला अंतराल दिले, तर अंतरालातील प्रत्येक मूल्याला एकच उत्तर समीकरण पाळू शकत नाही; त्या सहगुणकाचा चल शून्य ठरतो किंवा प्रश्नाला व्यवहार्य उत्तरच उरत नाही. सॉफ्टवेअरने ‘व्यवहार्य उत्तर नाही’ असे सांगितले की प्रथम अशी समीकरणे तपासावीत. शक्य तेथे समीकरणातून एक चल काढून टाकून उरलेली बंधने असमानतेच्या रूपात लिहितात आणि अंतराल त्यांनाच लावतात.