सर्वसहभागी प्रश्नमंजुषा

एका प्रश्नाला वर्गातल्या प्रत्येक मुलाने एकाच वेळी, न बोलता उत्तर देण्याची पद्धत. ‘कोण सांगेल?’ असे विचारले की कोल्हापुरातल्या साठ मुलांच्या वर्गात ‘मी बाई, मी बाई’ असा गलका होतो आणि तेच पाच-सहा हात वर येतात. बाकीच्यांना काय कळले, हे पेपर तपासेपर्यंत समजत नाही.

बोटांच्या फेरीत पर्यायांना १, २, ३ असे क्रमांक असतात. प्रश्न वाचल्यावर मुले मूठ छातीशी धरून विचार करतात. ‘दाखवा’ म्हणताच उत्तराइतकी बोटे छातीजवळच उघडायची. येत नसेल तर मूठ मिटलेलीच. हात डोक्यावर नेला की मागच्या बाकांना उत्तर फुकट मिळते. आधी शेजाऱ्याकडे बघून मग उघडणारी बोटे बाईंना लगेच ओळखू येतात. असे हात बरेच दिसले तर त्या फेरीचा आकडा धरू नये.

चुकीचे पर्याय मुलांच्या नेहमीच्या चुकांतून घ्यावे लागतात. उदाहरणार्थ: गुळाची कोणती ढेप जड? (१) ०.३५ किलोची, (२) ०.५ किलोची, (३) दोन्ही सारख्याच. समजा, साठांपैकी ३४ मुलांनी एक बोट दाखवले, १९ जणांनी दोन, तिघांनी तीन आणि चौघांच्या मुठी मिटलेल्या राहिल्या. बरोबर १९ दिसतात खरे, पण तीन पर्यायांत नुसत्या अंदाजानेही वीसेक बरोबर येतात. ३४ मुलांचे एकाच चुकीवर एकमत मात्र योगायोगाने होत नाही. पस्तीस पाचाहून मोठे, म्हणून ०.३५ मोठे, असे त्यांनी धरलेले असते.

इथे गटपाटी कामी येते. पाच-पाचांचे बारा गट करून प्रत्येक गटाला एक पाटी व खडू द्यायचा आणि मुलांना १ ते ५ क्रमांक द्यायचे. ‘दोन्ही वजने ग्रॅममध्ये लिहा’ असे सांगून दोन मिनिटे चर्चा होऊ द्यावी. लिहिणाऱ्याचा क्रमांक त्यानंतरच पुकारावा. आधी पुकारला तर बाकीचे चौघे निवांत होतात. ‘पाट्या वर’ म्हटल्यावर कुठे ३५० आणि ५०० दिसते, तर कुठे ३५ आणि ५. ३५ लिहिणाऱ्या गटाला दशांश स्थानेच कळलेली नाहीत, त्यांना पुन्हा शिकवावे लागते.

पाटीवरचे बरोबर उत्तर गटातल्या एकाच हुशार मुलाचे असू शकते. म्हणून शेवटी पुन्हा बोटांची फेरी घेतात, पण आकडे बदलून आणि दोन जोड्या देऊन: आधी ०.४ आणि ०.२७, मग ०.६ आणि ०.७२. नुसती पहिली जोडी दिली तर ‘कमी अंक म्हणजे मोठी संख्या’ असा नवाच चुकीचा नियम बनवलेली मुलेही बरोबर ठरतात. ०.७२ ला ती फसतात. नुसती दुसरी जोडी दिली तर ‘बहात्तर सहाहून मोठे’ अशी जुनीच चूक करणारी मुले बरोबर ठरतात; ती ०.२७ ला फसतात.

‘का?’ने सुरू होणाऱ्या प्रश्नांना बोटे पुरत नाहीत. बोटांची नोंदही मागे राहत नाही, त्यामुळे बाईंनी मुठी मिटलेल्या मुलांचे हजेरी क्रमांक तिथल्या तिथे टिपून घ्यावेत.