बत्तीस मजले आणि दोन हजार बटणं

ठाण्यात वर्तकनगरला आमच्या सोसायटीत राहणाऱ्या काकांनी दिवाळीच्या सुमारास स्टेशनबाहेर एक पेनड्राइव्ह घेतला. वर ठळक अक्षरांत 2 टीबी छापलेलं, किंमत सहाशे रुपये. लॅपटॉप भरत आला होता, म्हणून 2011 पासूनचे फोटो आणि व्हिडिओ, सगळे मिळून 46 जीबी, त्यांनी त्यावर टाकले. काही फोटो उघडून पाहिले, छान दिसले, मग लॅपटॉप मोकळा केला. मार्चमध्ये नातवाच्या वाढदिवसाला तोच पेनड्राइव्ह टीव्हीला लावला, तेव्हा काहीतरी बिनसलंय हे कळलं.

काका तो घेऊन माझ्याकडे आले. वर्षवार फोल्डर होते. 2017 पर्यंतचं सगळं उघडत होतं. 2018 मध्ये जूनपर्यंतचे फोटो ठीक, त्यापुढच्यांचं नाव, तारीख, 4 एमबीच्या आसपास साइज सगळं दिसायचं, पण फोटो उघडायचा नाही. 2019 पासूनचे फोल्डर तर नावापुरतेच होते, आत काहीच नाही.

“अहो, मी स्वतः टाकलेत. एकदाही एरर आली नाही!” काका म्हणाले. ते खरंच होतं. एरर न येणं हीच तर या मालाची करामत.

2018 मधला एक न उघडणारा फोटो मी हेक्स व्ह्यूअरमध्ये उघडला. फाइलमधले बाइट जसेच्या तसे दाखवणारा हा साधा प्रोग्रॅम. जेपीजी फाइलची सुरुवात नेहमी FF D8 या दोन बाइटने होते. इथे पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नुसते 00 00 00. फोटो खराब झाला नव्हता, तो तिथे कधी लिहिलाच गेला नव्हता.

पेनड्राइव्हमध्ये डेटा साठवणारी मेमरी चिप असते आणि तिचा कारभार बघणारी दुसरी चिप, कंट्रोलर. पेनड्राइव्ह लावला की कॉम्प्युटर विचारतो, तुझ्यात सेक्टर किती? एक सेक्टर 512 बाइटचा. 2 टीबीसाठी उत्तर असतं साधारण 390 कोटी. हे उत्तर कंट्रोलर देतो आणि कॉम्प्युटर ते मुकाट्याने मानतो, कारण चिप मोजायचा दुसरा मार्ग त्याच्याकडे नसतो. कंट्रोलरमध्ये हा आकडा कारखान्यातल्या सॉफ्टवेअरने भरला जातो. 32 जीबीची चिप लावून आकडा 2 टीबीचा भरला की झाला माल तयार. प्रॉपर्टीज उघडा, फॉरमॅट करा, सगळीकडे तोच आकडा दिसणार.

आता घोडबंदर रोडवरचा एक टॉवर डोळ्यांसमोर आणा. मजले बत्तीस, पण लिफ्टमध्ये बटणं दोन हजार. चाळिसावं बटण दाबून सामान पाठवलं, तर दोन गोष्टी होऊ शकतात. एक, लिफ्ट मोजत मोजत परत खालून सुरू करते आणि तुम्हाला आठव्या मजल्यावर नेते. तिथे आधीच कुणाचं सामान आहे, ते बाहेर फेकून तुमचं ठेवलं जातं. दोन, लिफ्ट जागची हलतच नाही, सामान खड्ड्यात टाकते आणि ‘पोहोचलं’ म्हणून बेल वाजवते. काकांचा पेनड्राइव्ह दुसऱ्या जातीचा.

मग न लिहिलेल्या फाइलींची नावं कशी दिसत होती? फाइलींची यादी फाइलींपासून वेगळी लिहिली जाते. 2018 चा फोल्डर तयार झाला तेव्हा खरी जागा अजून शिल्लक होती, म्हणून त्याची यादी खऱ्या चिपवर उतरली. त्या यादीत नंतरच्या फोटोंची नावंही नीट लिहिली गेली, फोटो मात्र खड्ड्यात गेले. 2019 चा फोल्डर तयार होईपर्यंत जागा संपली होती, तेव्हा त्याची यादीसुद्धा खड्ड्यात. म्हणून तो रिकामा दिसत होता. असा तुटलेला सांधा दिसला की क्षमता खोटी असल्याचा संशय घ्यायचा. आणि रिकव्हरीवाल्याला पैसे द्यायच्या भानगडीत पडायचं नाही. पुसलेलं परत आणता येतं, न लिहिलेलं कुठून आणणार?

आता तपासणी. एक मोठी फाइल टाकून लगेच उघडून पाहणं ही तपासणी नव्हे. नुकतीच कॉपी केलेली फाइल कॉम्प्युटर बऱ्याचदा स्वतःच्या रॅममधूनच दाखवतो. काकांनी पाहिलेले फोटो तसेच आले असावेत. एकाच फाइलच्या शंभर कॉपी टाकणंही कच्चंच, कारण पहिल्या जातीच्या पेनड्राइव्हमध्ये एका कॉपीवर दुसरी बसली तरी वाचताना मजकूर तोच मिळू शकतो.

खरी तपासणी करणारे प्रोग्रॅम प्रत्येक सेक्टरमध्ये वेगळा मजकूर भरतात, आणि तो त्या सेक्टरच्या क्रमांकावरून बनवलेला असतो. म्हणजे प्रत्येक मजल्यावर त्या मजल्याच्या नंबराची चिठ्ठी. नंतर सगळे मजले फिरून चिठ्ठ्या वाचायच्या. आठव्या मजल्यावर ‘40’ ची चिठ्ठी निघाली किंवा काहीच निघालं नाही, की चोरी उघडी.

विंडोजवर यासाठी H2testw हा जुना, फुकट जर्मन प्रोग्रॅम आहे. वर English निवडता येतं. आधी मी काकांच्या उघडणाऱ्या फाइली दुसरीकडे कॉपी केल्या आणि मगच पेनड्राइव्ह फॉरमॅट केला, कारण चाचणीसाठी तो रिकामा हवा. Select target मध्ये पेनड्राइव्ह निवडला. पूर्ण 2 टीबी तपासायचे म्हटले तर या गोगलगायीच्या वेगाने, सेकंदाला 6 एमबी, नुसतं लिहायलाच जवळपास पावणेचार दिवस लागले असते. म्हणून only समोर 64000 एमबी, म्हणजे साधारण 64 जीबी, एवढाच आकडा टाकला आणि Write + Verify दाबलं. लिहायला तीन तास, वाचायला त्याहून कमी. निकाल लाल अक्षरांत:

```
The media is likely to be defective.
29.1 GByte OK
33.4 GByte DATA LOST
```

विंडोज 32 जीबीच्या चिपमध्ये एवढीच जागा दाखवतो, म्हणजे हिशोब जुळला. मात्र ही अर्धवट चाचणी फक्त खोटं पकडू शकते, खरेपणाचा दाखला देऊ शकत नाही. आत 128 जीबीची चिप असती, तर 64 ची चाचणी हसत पास झाली असती. दाखला हवा असेल, तर all available space निवडून पूर्ण वेळ द्यायचा. ऑनलाइन घेतलेला पेनड्राइव्ह परत करायची मुदत संपायच्या आत.

लिनक्सवर F3 नावाचं साधन आहे. त्यातली एक कमांड सगळी जागा न भरता मोजक्या ठिकाणी चिठ्ठ्या टाकून काही मिनिटांत अंदाज देते:

```
sudo f3probe --destructive --time-ops /dev/sdb
```

यात पेनड्राइव्हवरचा डेटा जातो. आणि sdb च्या जागी चुकून स्वतःच्या हार्ड डिस्कचं नाव टाकलंत तर तिचाही जाईल, म्हणून आधी lsblk लिहून नाव दोनदा बघा. काकांचा पेनड्राइव्ह त्यावरही लावला. त्याने जात सांगितली limbo, म्हणजे खड्डा. गोल फिरणाऱ्यांना तो wraparound म्हणतो.

खरी जागा कळल्यावर तेवढ्याच भागाचं पार्टिशन करता येतं. मी 28 जीबीचं केलं, पुढची जागा मोकळी सोडली. पण अशा मालात चिपही बहुधा हलकीच वापरतात, तेव्हा एकुलती एक कॉपी त्यावर ठेवू नका असं मी काकांना बजावलं. आता त्यात अभंग आहेत आणि तो त्यांच्या गाडीच्या स्टिरिओला कायमचा लावलेला असतो. 2018 च्या जूननंतरचे थोडे फोटो काकूंच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सापडले, बारीक आणि धुरकट.